फॉर्म १६ मधले हरवलेले तीन महिने

२०२४-२५ चं उदाहरण घेऊ. पगारातून दरमहा ६,००० रुपये कर कापला गेला, म्हणजे वर्षाचे ७२,०००. आयकर विभागाच्या २६एएस मध्ये मात्र ५४,०००च दिसतात. फॉर्म १६ चा भाग अ तिमाहीवार असतो. तो २६एएसशेजारी ठेवून एकेक तिमाही ताडून पाहिली की जानेवारी ते मार्चचे १८,००० गायब असल्याचं कळतं. बहुधा कंपनीने ३१ मेपर्यंत भरायचं २४क्यू विवरणपत्र भरलेलं नसतं, किंवा त्यात पॅनचं एखादं अक्षर चुकलेलं असतं. ही दुरुस्ती कंपनीच करू शकते, आपण नाही. म्हणून लेखा विभागाला लेखी कळवावं आणि पगारपत्रकं जपून ठेवावीत. कर खरोखर कापला असेल, तर कलम २०५ नुसार तो पुन्हा आपल्याकडे मागता येत नाही.