फुकटचा तवा आणि सात तासांचं काम

समजा, कुडाळमधली एक तरुणी मालवणी स्वयंपाकाच्या रील्स करते. इन्स्टाग्रामवर तिचे आठ हजार फॉलोअर आहेत. त्यातले बरेचसे मुंबईत राहणारे चाकरमानी, घावणे आणि आंबोळ्यांच्या आठवणीने थांबून बघणारे. एके दिवशी तिला बिडाची भांडी विकणाऱ्या कंपनीचा मेसेज येतो: "तुमचं काम आम्हाला खूप आवडलं. आमचा 1,899 रुपयांचा तवा तुम्हाला भेट पाठवू इच्छितो. त्या बदल्यात एक रील, तीन स्टोरी आणि कंटेंटचे हक्क हवेत. पोस्ट पाच दिवसांत यावी."

या धंद्याच्या भाषेत याला बार्टर म्हणतात. छोट्या क्रिएटरकडे येणारे पहिले प्रस्ताव बहुधा असेच असतात आणि ते वाचताना नजर 'भेट' या शब्दावर अडकते. पण मेसेजचा खरा ऐवज पुढच्या दोन वाक्यांत आहे. बदल्यात काही मागितलं की ती भेट उरत नाही, तो सौदा होतो. आणि सौद्याला उत्तर देण्याआधी दोन्ही बाजूंचा हिशेब मांडावा लागतो.

आधी तव्याचा. छापील किंमत 1,899 असली तरी तोच तवा कंपनीच्या स्वतःच्या साइटवर 1,299 ला मिळत असेल, तर त्याचं मोल 1,299 एवढंच.

मग कामाचं. आंबोळीचं पीठ आदल्या दिवशी वाटून आंबवायचं. दुसऱ्या दिवशी उजेड चांगला असताना तीन तास शूटिंग, कारण पहिल्या दोन-तीन आंबोळ्या चिकटणारच. नंतर एडिटिंग, आवाज, मथळे यांत आणखी तीन तास, आणि स्टोरींना एक. असे सात तास, शिवाय साहित्याचे तीनशे रुपये. म्हणजे तवा विकून पैसे केले तरी तासाला दीडशेही पडत नाहीत. आणि तवा तर मुळात शूटिंगला लागणारच आहे. तो मोबदल्यात धरणं म्हणजे रंगाऱ्याला रंगाचा डबा देऊन मजुरी चुकती झाली म्हणण्यासारखं आहे.

मेसेजमधला सर्वांत महाग शब्द मात्र 'हक्क' हा आहे. नुसतं 'हक्क हवेत' एवढ्यावर होकार दिला तर कंपनी तोच व्हिडिओ आपल्या साइटवर, दुकानांतल्या पडद्यावर किंवा पैसे भरून चालवलेल्या जाहिरातीत वर्षानुवर्षं वापरू शकते. इन्स्टाग्रामवर पार्टनरशिप अ‍ॅड नावाची सोय आहे. तिच्यात क्रिएटरच्या परवानगीने तिच्याच नावानिशी कंपनी जाहिरात चालवते. ज्यांनी तिला कधी फॉलो केलं नाही अशा लोकांनाही मग ती तवा विकताना दिसते. हे रील बनवण्यापेक्षा वेगळं काम आहे. त्याची मुदत वेगळी आणि पैसेही वेगळे.

हिशेब समोर आला की उत्तर लिहिणं सोपं जातं. त्यात राग नको आणि 'मी अजून लहान आहे' असा सूरही नको. अशा उत्तराचा नमुना असा:

"नमस्कार, मेसेजबद्दल आभार. बिडाच्या तव्यावर आंबोळ्या करून दाखवायला मला आवडेल. माझे दर असे आहेत: एक रील 2,500 रुपये, तीन स्टोरी 750 रुपये. व्हिडिओ जाहिरातीत वापरायचा असल्यास एका महिन्यासाठी 1,000 रुपये वेगळे. तवा शूटिंगसाठी लागेल, तो या रकमेत धरलेला नाही. तवा वापरून मुरायला वेळ द्यावा लागतो, त्यामुळे तो हातात आल्यापासून पंधरा दिवसांत पोस्ट करेन. मत माझं स्वतःचं असेल आणि पोस्टवर जाहिरात असल्याचा उल्लेख असेल. या मोहिमेचं बजेट किती आहे ते कळवाल का? माझ्या शेवटच्या पाच रील्सचे आकडे सोबत जोडले आहेत."

यातले दर त्या तरुणीचे आहेत. बाजारात सगळ्यांना लागू असा दर नाही, तो आपले तास आणि आपला प्रेक्षक पाहून ठरतो. पण बजेटचा प्रश्न कुणीही विचारावा. भेटवस्तूंची मोहीम सांभाळणाऱ्याकडे कधी कधी थोडे पैसेही असतात आणि ते मागणाऱ्यालाच मिळतात. आकडे जोडताना फॉलोअरपेक्षा रीच, सेव्ह आणि शेअर दाखवावेत. आठ हजार फॉलोअर असलेल्या खात्याचं रील वीस हजार लोकांनी पाहिलं असेल, तर बोलणी त्या वीस हजारांवर व्हायला हवीत.

"सध्या बजेट नाही" असं उत्तर आलं, तर दर कमी करू नये, काम कमी करावं. तवा खरोखर हवा असेल, एरवी तो विकत घेतलाच असता, तर 1,299 रुपयांत बसेल एवढंच काम द्यावं: दोन स्टोरी, रील नाही, हक्क नाहीत, तारखेचं बंधन नाही. असा बार्टर रास्त आहे. पण तवा नकोच असेल तर दोन ओळींत नकार द्यावा आणि पुढच्या मोहिमेसाठी दर कळवून ठेवावेत. काही मेसेज मात्र उत्तराच्याही लायकीचे नसतात. कुरिअरचे पैसे आधी भरा, किंवा वस्तू सवलतीत विकत घ्या, पोस्टनंतर परत देऊ, असं सांगणारा बार्टर करत नसतो, गिऱ्हाईक शोधत असतो.

पैसे न घेता पोस्ट केली की ती जाहिरात नव्हे, असा समज बराच आहे. तो चुकीचा आहे. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी 2023 मध्ये काढलेल्या मार्गदर्शिकेत फुकट मिळालेली वस्तूही आर्थिक संबंधात मोडते, अगदी न मागता आलेलीसुद्धा. उल्लेख पोस्टच्याच भाषेत असावा, म्हणजे मराठी रीलवर 'जाहिरात' असं मराठीत. व्हिडिओत तो दिसायला हवा आणि ऐकूही यायला हवा. कॅप्शनच्या तळाशी हॅशटॅगांच्या गर्दीत टाकून चालत नाही. स्वतः न वापरलेल्या वस्तूची शिफारस करू नये, हेही त्यातच आहे. म्हणून पाच दिवसांची मुदत धोक्याची. बिडाचा तवा पाच दिवसांत मुरत नाही आणि आंबोळी सुटून येते की नाही हे त्याशिवाय सांगता येत नाही.

कराचंही तसंच. जुलै 2022 पासून लागू झालेल्या तरतुदीनुसार एका कंपनीने वर्षभरात 20,000 रुपयांपेक्षा जास्त मोलाच्या वस्तू दिल्या, तर तिला त्यावर 10 टक्के टीडीएस भरावा लागतो. त्या वेळच्या परिपत्रकात सोशल मीडियावर दाखवण्यासाठी मिळालेल्या मोटारी, मोबाइल, कपडे आणि सौंदर्यप्रसाधनांचा स्पष्ट उल्लेख आहे: वस्तू परत केली तर तो लाभ धरला जात नाही, ठेवून घेतली तर धरला जातो. तव्याचे 1,299 या मर्यादेच्या कितीतरी खाली आहेत, तेव्हा कंपनी काही कापणार नाही. तरी कामाच्या बदल्यात मिळालेली वस्तू म्हणून ते तिच्या वर्षाच्या उत्पन्नात येतात. रक्कम, तारीख आणि कंपनीचं नाव मेसेज आला त्याच दिवशी लिहून ठेवलं की मार्चमध्ये जुने मेसेज उपसत बसावं लागत नाही.