ऑडिटच्या दिवसांत व्हेंडरला तारीख द्या

‘आमचा अकाउंट्स विभाग सध्या ऑडिट क्लोजिंगमध्ये व्यस्त आहे. उत्तराला विलंब होऊ शकतो. गैरसोयीबद्दल क्षमस्व.’ एप्रिल महिन्यात अनेक कंपन्यांच्या ईमेलवरून असं ठरावीक उत्तर आपोआप जातं. भाषा नम्र आहे, पण कंपनीला खोके पुरवणाऱ्या उद्योजकाला त्यातून काहीच कळत नाही. पैसे थांबले आहेत की फक्त उत्तर? आणि ते कधी मिळणार? त्यामुळे तो दुसरा मेल टाकतो, मग फोन करतो आणि कामात बुडालेल्या विभागावरचा ताण आणखी वाढतो.

हे उत्तर सुधारायचं तर आधी हिशेब मांडावा लागतो. समजा, ऑडिटर सोमवार 6 एप्रिल ते शुक्रवार 17 एप्रिल कंपनीत बसणार आहेत. शनिवार-रविवार आणि 14 एप्रिलची आंबेडकर जयंतीची सुट्टी वगळली, तर कामाचे 9 दिवस उरतात. रोज साधारण 20 चौकशा येत असतील, तर 17 तारखेपर्यंत 180 साचतील. नंतर विभागाने रोज 60 निकाली काढल्या, तरी 20 नव्या येतच राहणार. म्हणजे साठा दिवसाला 40नेच घटणार. तो संपायला पाच दिवस लागतील. म्हणून व्हेंडरला द्यायची खरी तारीख 24 एप्रिल. ऑडिटर सोमवारी नसतील म्हणून ‘20 तारखेला उत्तर देऊ’ असं लिहिणं ही इथली नेहमीची चूक. ‘पाच कामकाजी दिवसांत’ असंही लिहू नये. कोणाची सुट्टी कधी, हे समोरच्याला माहीत नसतं.

मात्र काही चौकशा 24 तारखेपर्यंत थांबू शकत नाहीत. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि करार नसेल तर 15 दिवसांत चुकतं करावं लागतं. हे दिवस माल स्वीकारल्यापासून मोजले जातात आणि ऑडिट चालू आहे म्हणून ती मोजणी थांबत नाही. आपल्या खोकेवाल्या लघुउद्योजकाचा करार 45 दिवसांचा आहे आणि माल 5 मार्चला स्वीकारला, असं धरू. मुदत 19 एप्रिलला, रविवारी संपते. कंपनी दर गुरुवारी पेमेंट सोडत असेल, तर शेवटची संधी 16 एप्रिलची, म्हणजे ऐन ऑडिटमधली. बिल एखाद्या त्रुटीपायी अडकलं असेल आणि त्याच्या मेलला 24 तारखेला उत्तर मिळालं, तर मुदत हुकलेली असेल. मग रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागतं. शिवाय त्या खर्चाची आयकरातली वजावट सरलेल्या वर्षात मिळत नाही. ती पैसे दिलेल्या वर्षात जाते. 2023-24पासून लागू असलेल्या या तरतुदीमुळे ऑडिटरही अशा थकबाकीची यादी मागतातच. तेव्हा या चौकशांसाठी वेगळी वाट ठेवणं कंपनीच्याच हिताचं आहे.

सुधारलेलं उत्तर असं होईल:

‘नमस्कार. आपला मेल मिळाला. वार्षिक ऑडिटमुळे 6 ते 17 एप्रिल या काळात पेमेंटविषयीच्या चौकशांना उत्तरं देता येणार नाहीत. या काळात आलेल्या प्रत्येक मेलला 24 एप्रिलपर्यंत उत्तर मिळेल. मंजूर बिलांची रक्कम नेहमीप्रमाणे दर गुरुवारी जमा होईल. आपण सूक्ष्म किंवा लघु उद्योजक असाल आणि बिलाची मुदत 24 एप्रिलपूर्वी संपत असेल, तर विषयात MSME असं लिहून उद्यम नोंदणी क्रमांक आणि बिल क्रमांक कळवा. पुढच्या कामकाजी दिवशी उत्तर देऊ. बँक खात्यातील बदल केवळ ईमेलवरून स्वीकारले जात नाहीत.’

शेवटचं वाक्य फसवणूक टाळण्यासाठी आहे. विभाग गडबडीत असताना व्हेंडरच्या नावाने ‘आमचं खातं बदललं’ असा बनावट मेल धाडणाऱ्यांना ही आयती संधी असते. त्याच कारणाने या उत्तरात कर्मचाऱ्यांची नावं आणि मोबाइल क्रमांक देऊ नयेत.

आणखी एक मर्यादा ध्यानात ठेवावी. आउटलुक एका पत्त्यावर हे उत्तर एकदाच पाठवतं. जीमेल त्याच व्यक्तीला साधारण चार दिवसांनी पुन्हा पाठवतं. म्हणून सगळी माहिती पहिल्याच उत्तरात पूर्ण हवी. विषयात MSME असलेले मेल वेगळ्या फोल्डरमध्ये टाकणारा नियम आधी लावा आणि तो फोल्डर रोज कोण उघडणार, हे नावानिशी ठरवा. बाहेरच्या पत्त्यावरून एक मेल पाठवून काय उत्तर येतं ते तपासा. हे सांभाळायला माणूस नसेल, तर ‘पुढच्या कामकाजी दिवशी’ हे शब्द काढून टाका. जी तारीख पाळता येईल, तीच लिहा.