अभ्र्याची किनार आणि एकसारखे फासे

लेझी डेझी, फ्लाय स्टिच आणि फेदर स्टिच हे तीन वेगळे टाके म्हणून शिकवले जातात, पण तिन्हींचा पाया एकच आहे. सुईखालून दोरा घ्यायचा, त्याचा फास करायचा आणि तो कापडाला अडकवायचा. सुई जिथून वर आली तिथेच पुन्हा खाली गेली तर बंद पाकळी होते, ती लेझी डेझी. ती थोड्या अंतरावर खाली गेली तर इंग्रजी व्हीसारखा उघडा फास होतो, तो फ्लाय स्टिच. आणि हेच उघडे फास एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असे एकमेकांत अडकवत गेले की फेदर स्टिच. म्हणून एकाचे फास एकसारखे यायला लागले की उरलेले दोन फारसे जड जात नाहीत.

फास लहानमोठे झाले की दोष हाताला दिला जातो. मला तो बहुतेक वेळा आखणीचा वाटतो.

उशीच्या अभ्र्याची ४२ सेंटिमीटरची कड घ्या. तिच्यावर फेदर स्टिचची वेल काढायची तर ४ मिलिमीटर अंतराच्या चार समांतर रेषा आखा आणि प्रत्येक रेषेवर ५ मिलिमीटरवर ठिपके द्या. डावीकडून रेषांना एक ते चार म्हणू. सुई दुसऱ्या रेषेवर वर काढा, त्याच पातळीवर चौथ्या रेषेवर खाली घाला आणि तिसऱ्या रेषेवर एक ठिपका खाली, दोरा सुईखाली ठेवून, बाहेर काढा. आता सुई तिसऱ्या रेषेवर आहे. तिथून त्याच पातळीवर पहिल्या रेषेवर खाली आणि दुसऱ्या रेषेवर पुढच्या ठिपक्याला वर. पुन्हा चौथी, पुन्हा पहिली. प्रत्येक फास दोन घरे रुंद आणि एक घर खोल, त्यामुळे अंदाजाला जागाच उरत नाही. अख्ख्या कडेला ८४ फास लागतात.

यात वेगळा टाचटाका नसतो, पुढचा फासच मागच्याला धरून ठेवतो. म्हणून मध्येच दोरा संपत आला तर शेवटचा फास बारीक टाक्याने टाचा. नवा दोरा त्याच फासाच्या आतून, टाक्याला लागून वर काढा. जोड दिसत नाही.

पानांसाठी फ्लाय स्टिच. ३ सेंटिमीटरचे पान काढून मधली शीर आखा. टोकापासून शिरेवर आधी ६ मिलिमीटरचा एक सरळ टाका घाला. इथेच बरेच जण फसतात. हा टाका आखूड पडला की पुढचे व्ही पसरट होतात आणि पान आडव्या रेघांचे दिसते. मग टोकाच्या दोन्ही बाजूंना कडेवर एक-एक टोक घेऊन फास सरळ टाक्याच्या शेवटी काढा आणि २ मिलिमीटरच्या टाचटाक्याने बसवा. पुढची दोन टोकेही कडेवर तेवढीच, २ मिलिमीटर, खाली घ्या. दोन्हीकडे पाऊल सारखे असले की व्हीची खोली पानाच्या देठापर्यंत तशीच राहते.

लेझी डेझीत सुई अगदी त्याच छिद्रात परत घातली तर दोरा कधी कधी निसटून मागे येतो, म्हणून कापडाचा एखादा धागा सोडून शेजारी घाला. फास ओढताना दोरा वर नको, पाकळीच्या टोकाच्या दिशेने, कापडालगत ओढा. फास सुईला टेकला की थांबा. पाकळी काडीसारखी बारीक झाली तर ओढ जास्त झाली, कापडाखाली बोट फिरवल्यावर फास हलला तर कमी. टोकाचा टाचटाका जेमतेम फासाला ओलांडेल एवढाच असावा, लांब झाला की पाकळीला शेपूट फुटते. पाकळी १ सेंटिमीटरपेक्षा मोठी ठेवू नये. रोजच्या वापरात ती नखाला, बांगडीला अडकते.

दोऱ्याचेही थोडे पाहावे लागते. सहा पदरी दोऱ्यातले दोन पदर एकेक करून सुटे काढा आणि मग जोडा, म्हणजे ते चपटे बसतात. लांबी हातभर पुरे. टाके घालताना दोऱ्याला पीळ चढत जातो आणि पिळलेला दोरा फास एका बाजूला कलता करतो. अधूनमधून सुई सोडून दोरा लोंबू द्या, पीळ आपोआप उतरतो. रिंगमध्ये कापड फार ताणलेले असेल तर सुई एका झटक्यात आतबाहेर काढता येत नाही. रिंग किंचित सैल ठेवा किंवा हातात धरूनच भरा, पण एका अभ्र्यावर एकच पद्धत ठेवा. मध्येच बदलली की ताण बदलतो आणि जोड ओळखू येतो.

पाण्याने जाणाऱ्या निळ्या पेनाने आखले असेल तर इस्त्रीआधी अभ्रा गार पाण्यात धुवा. उष्णतेने ती शाई कापडात पक्की बसू शकते. इस्त्री उलट बाजूने, खाली जाड टॉवेल घालून करा, नाहीतर उठावदार फास दाबून चपटे होतात.