शिक्षकाच्या गळ्यातील दहा लाख टाळ्या

मानवी आवाज ज्या दोन मऊ पट्ट्यांच्या कंपनातून निर्माण होतो, त्यांना स्वरतंतू म्हणतात. पण तंतू या शब्दावरून मनात येणाऱ्या ताणलेल्या तारेपेक्षा त्यांची रचना बरीच वेगळी असते. कंठमण्याच्या मागे, श्वासनलिकेच्या तोंडाशी आडव्या बसलेल्या या घड्या पुरुषांत साधारण दोन सेंटिमीटर आणि स्त्रियांत त्याहून आखूड असतात. त्यांच्या आत स्नायू असतो आणि त्यावर ओलसर, जेलीसारखा लवचीक थर पसरलेला असतो. फुप्फुसांतून येणारी हवा या घड्यांना विलग करते आणि त्या लगेच पुन्हा एकमेकींवर आदळतात. पुरुषाच्या सामान्य बोलण्यात ही क्रिया सेकंदाला सुमारे १२० वेळा आणि स्त्रीच्या बोलण्यात सुमारे २०० ते २२० वेळा घडते, म्हणजे बोलणे ही एका अर्थाने गळ्यात अखंड वाजणारी टाळीच असते.

वसई रोड स्थानकाच्या पूर्वेकडील गोखिवरे परिसरात, जिथे औद्योगिक गाळे, निवासी इमारती आणि खासगी शिकवण्या एकमेकांना खेटून वाढल्या आहेत, तिथे सकाळी शाळेत आणि संध्याकाळी क्लासमध्ये शिकवणाऱ्या एखाद्या शिक्षिकेचा दिवस गृहीत धरला, तर या टाळ्यांचा हिशेब मांडता येतो. तिचे प्रत्यक्ष शिकवणे पाच तासांचे, म्हणजे १८,००० सेकंदांचे असेल; परंतु श्वास घेणे, फळ्यावर लिहिणे, मुलांची उत्तरे ऐकणे आणि 'क', 'प', 'स' यांसारखी स्वरतंतूंच्या कंपनाशिवाय उच्चारली जाणारी व्यंजने वगळता स्वरतंतू साधारण पाव वेळच कंप पावतात, असे मानता येते. उरलेल्या ४,५०० सेकंदांना २२० ने गुणले की संख्या ९,९०,००० येते. तेवढाच वेळ शिकवणाऱ्या पुरुष शिक्षकाच्या वाट्याला सुमारे साडेपाच लाख आघात येतात. आवाजाच्या तक्रारी शिक्षिकांमध्ये अधिक आढळतात, त्यामागे इतरही कारणे असली तरी आखूड पट्ट्या आणि वाढीव आघातसंख्या हे एक मोठे कारण आहे.

संख्येइतकाच महत्त्वाचा असतो तो आघाताचा जोर. भोवतालचा गोंगाट वाढला की माणूस नकळत मोठ्याने आणि वरच्या पट्टीत बोलू लागतो. फ्रेंच वैद्य एत्येन लोंबार यांनी १९११ मध्ये या प्रतिक्रियेचे वर्णन केले, म्हणून ती लोंबार परिणाम या नावाने ओळखली जाते. पत्र्याच्या छपराखालील खोली, डोक्यावर घरघरणारा पंखा आणि उघड्या खिडकीबाहेरची ट्रकची वर्दळ असेल, तर शिक्षिकेने 'हळू बोलायचे' असे कितीही ठरवले तरी तिचा निश्चय टिकत नाही. अमेरिकेत नेल्सन रॉय आणि सहकाऱ्यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, आवाजाचा विकार असलेल्या ज्या शिक्षकांनी सहा आठवडे कमरेला बांधायचा छोटा ध्वनिवर्धक वापरला त्यांच्यात लक्षणीय सुधारणा दिसली, तर ज्यांना केवळ घशाच्या काळजीच्या सूचना दिल्या गेल्या त्यांच्यात तशी दिसली नाही. त्यामुळे पुढे येणारी पाणी आणि विश्रांतीची चर्चा गैरलागू ठरत नाही. परंतु मूळ भार कमी न करता केवळ कोमट पाण्यावर भिस्त ठेवण्यातील मर्यादा त्यातून कळते.

पाण्याविषयी सर्वाधिक रूढ समज असा की प्यायलेला घोट स्वरतंतूंना भिजवतो. प्रत्यक्षात गिळताना स्वरयंत्राचे झाकण मिटते आणि पाणी मागील अन्ननलिकेत जाते. ते स्वरतंतूंवर गेलेच, तर ठसका लागतो. प्यायलेले पाणी रक्तात मिसळून, स्वरतंतूंच्या पेशींपर्यंत आणि तेथील ग्रंथींच्या पातळ स्रावापर्यंत पोहोचायला वेळ लागतो, म्हणून तास सुरू होताना घटाघटा प्यायलेल्या बाटलीपेक्षा सकाळपासून थोडे थोडे प्यायलेले पाणी उपयोगी पडते. स्वरतंतू कोरडे असले की कंपन सुरू करण्यासाठी फुप्फुसांना अधिक दाब द्यावा लागतो, आणि 'आज आवाज ओढावा लागतोय' ही शिक्षकांची तक्रार नेमकी तीच असते. खडीसाखर, लवंग किंवा ज्येष्ठमधही स्वरतंतूंपर्यंत पोहोचत नाही. त्यांनी लाळ सुटते, वारंवार गिळले जाते आणि घशाला बरे वाटते, एवढेच. श्वासाबरोबर आत जाणारी साध्या पाण्याची वाफ मात्र थेट स्वरतंतूंच्या पृष्ठभागावर पोहोचते. दिवसभर बोलणाऱ्या अनेक शिक्षिका शाळेतील स्वच्छतागृहाची अडचण टाळण्यासाठी मुद्दाम कमी पाणी पितात, याची दखल आरोग्यविषयक सूचनांमध्ये क्वचितच घेतली जाते.

कोरडेपणाचा पुढचा दुवा म्हणजे खाकरण्याची सवय. स्राव घट्ट झाला की घशात काहीतरी अडकल्यासारखे वाटते आणि माणूस खाकरतो. त्या क्षणी स्वरतंतू नेहमीच्या बोलण्यापेक्षा कितीतरी जोराने एकमेकांवर घासले व आपटले जातात, त्यांना किंचित सूज येते, संरक्षणासाठी आणखी स्राव पाझरतो आणि पुन्हा खाकरावेसे वाटते. हे चक्र तोडण्यासाठी त्या क्षणी एक घोट पाणी पिणे, कोरडाच आवंढा गिळणे किंवा ओठ मिटून हलका हुंकार देणे पुरेसे असते. एवढे करूनही खाकरणे थांबत नसेल, तर कारण अन्यत्र शोधावे लागते. रात्री साडेनऊला क्लास सुटल्यावर उशिरा जेवून लगेच आडवे होणाऱ्याच्या पोटातील आम्ल घशापर्यंत चढू शकते, तर उच्च रक्तदाबावरील काही औषधांमुळे कोरडा खोकला सुरू होतो.

विश्रांतीच्या बाबतीत घड्याळ निर्णायक असते. दीर्घकाळ बोलून थकलेला आवाज पूर्णपणे पूर्ववत व्हायला साधारण १२ ते १८ तास लागतात, असे प्रयोगांत दिसून आले आहे; रात्री साडेनऊला थांबून सकाळी सातच्या शाळेत पुन्हा बोलू लागणाऱ्या शिक्षिकेला मात्र साडेनऊ तासच मिळतात आणि रोजची थोडी बाकी पुढच्या दिवसात ओढली जाते. पूर्ण मौन रोज शक्य नसते, पण दोन तासिकांमध्ये दहा मिनिटे न बोलणे आणि सर्वांत जास्त बोलावे लागणारे दोन तास सलग न ठेवणे हे वेळापत्रकात बसू शकते. कुजबुजणे ही विश्रांती नव्हे, कारण अनेकजण कुजबुजताना स्वरयंत्र आवळून धरतात.

ओरडताना आवाज एकाएकी गेला, तर स्वरतंतूतील सूक्ष्म रक्तवाहिनी फुटलेली असू शकते. तेव्हा पूर्ण मौन पाळून तातडीने कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जाणे आवश्यक असते. श्वास घेताना घरघर, गिळताना त्रास, थुंकीत रक्त किंवा मानेत गाठ ही लक्षणे दिसली तरी थांबून पाहण्यात अर्थ नसतो. तीन आठवड्यांहून अधिक टिकलेला घोगरेपणाही दुर्बिणीने तपासून घ्यावा लागतो, आणि तंबाखू वा बिडीची सवय असेल तर कर्करोगाची शक्यता लक्षात घेऊन तो अधिकच तत्परतेने.

सततच्या आघातांनी स्वरतंतूंच्या मधल्या भागात जाडसर गाठी होतात, त्या मात्र अशा अचानक कळत नाहीत. त्यांची चाहूल रविवारनंतरच्या सोमवारी लागते: सुरुवातीला शुक्रवारपर्यंत घोगरा झालेला आवाज सोमवारी सकाळी स्वच्छ असतो, मग तो सोमवारच्या दुसऱ्या-तिसऱ्या तासिकेलाच चिरकू लागतो, वरच्या पट्टीतला हळू स्वर निघेनासा होतो, आणि पुढे सोमवारची पहिली हजेरीही घोगऱ्या आवाजातच घेतली जाते. गाठी कोवळ्या असतानाच हे लक्षात आले, तर वाचा-उपचारतज्ज्ञांकडून घेतलेल्या आवाजाच्या व्यायामांनी त्या बहुतेक वेळा शस्त्रक्रियेविना विरतात.