दुरुस्ती की नवा? एक भागाकार करून पाहा

माझी धाकटी बहीण नाशिकला शिकवण्या घेते. तिचा लॅपटॉप २०१९ च्या उन्हाळ्यातला. गेल्या वर्षभरात तो सुरू व्हायला सात-आठ मिनिटं घेऊ लागला आणि चार्जर काढला की अर्ध्या तासात मान टाकू लागला. ती दुकानात गेली तर काउंटरवरच्या मुलाने सांगितलं, "ताई, सहा वर्षांची मशीन आहे. यात पैसे घालू नका." त्याच संध्याकाळी तिचा फोन आला, "दादा, नवीनच घेऊन टाकू का?"

मी तिला दुरुस्तीचा खर्च विचारला. ६,४०० रुपये. नव्याची किंमत? ४८,०००. हे दोन आकडे शेजारी ठेवले की दुरुस्ती स्वस्त वाटते आणि "सहा वर्षांची मशीन" हे शब्द आठवले की नवा घ्यावासा वाटतो. दोन्ही विचार अर्धवट आहेत, कारण ६,४०० रुपयांत किती वर्षं मिळणार आणि ४८,००० मध्ये किती, हे त्यांत कुठेच येत नाही. आपण वस्तू घेत असलो तरी पैसे मोजतो ते तिच्या वापराच्या वर्षांचे. म्हणून तुलना करायची ती दर वर्षाच्या खर्चाची.

आधी नव्याचा हिशोब करू. ४८,००० चा लॅपटॉप सहा वर्षं वापरला आणि शेवटी ६,००० ला विकला, तर खरा खर्च ४२,०००. सहाने भागले की वर्षाला ७,००० रुपये.

आता जुन्याचा. इथे बहुतेक लोक एक रक्कम विसरतात. बहिणीचा लॅपटॉप आहे त्या अवस्थेत विकला असता तर ८,००० रुपये आले असते. तो ठेवायचा ठरवला म्हणजे ते ८,००० सोडले, म्हणून तेही खर्चातच धरायचे. दुरुस्तीचे ६,४०० आणि हे ८,००० मिळून १४,४००. उलट "५२,००० ला घेतला होता" हा आकडा हिशोबात कुठेही येऊ द्यायचा नाही. मागच्या वर्षी बिजागरीवर झालेला खर्चही नाही. ते पैसे गेले. नवा घेतला तरी ते परत येणार नाहीत.

१४,४०० ला किती वर्षांनी भागायचं, हा खरा अवघड प्रश्न. लॅपटॉप अजून किती चालेल हे कोणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. म्हणून मी गणित उलटं करतो: १४,४०० ला नव्याच्या वार्षिक खर्चाने, म्हणजे ७,००० ने भागायचं. उत्तर येतं दोन वर्षांना किंचित जास्त, साधारण पंचवीस महिने. म्हणजे "किती वर्षं चालेल?" हे ठरवत बसायला नको. "पंचवीस महिने चालेल का?" एवढंच तपासायचं, आणि ते तपासता येतं.

रविवारी मी नाशिकला गेलो. पहिल्यांदा बॅटरी पाहिली. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून एक ओळ टाइप केली:

```
powercfg /batteryreport
```

त्याने एक अहवाल तयार होतो आणि तो कुठे साठवला तेही लिहून येतं. त्यातल्या `DESIGN CAPACITY` समोर बॅटरीची मूळ क्षमता असते आणि `FULL CHARGE CAPACITY` समोर आजची. तिच्या अहवालात ४१,००० च्या जागी १४,३०० उरले होते, जेमतेम ३५ टक्के. बॅटरी संपली होती, पण ती बदलता येणारी वस्तू आहे. टचपॅड वर उचलला गेलाय का, झाकण नीट बसतं का, हेही बोट फिरवून पाहिलं. तसं असेल तर बॅटरी फुगलेली असते. मग हिशोब नंतर करा, आधी चार्जर काढून लॅपटॉप बंद करा, कारण फुगलेली बॅटरी पेट घेऊ शकते.

मग हार्ड डिस्क. क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्राम तिची तब्येत सांगतो. तिथे `Good` ऐवजी पिवळा `Caution` दिसला. डिस्कचे काही भाग निकामी होऊन त्यांच्या जागी राखीव भाग वापरात आले होते. मशीन रेंगाळण्याचं कारण हेच, आणि वय वाढलं म्हणून प्रोसेसर मंदावत नसतो. डिस्कची अशी खूण दिसली की त्याच दिवशी सगळ्या फायली दुसरीकडे उतरवून घ्याव्यात. आम्ही आधी तेच केलं, नंतर एसएसडी आणायला गेलो.

शेवटची तपासणी प्रोसेसरची. तिच्या लॅपटॉपवर `i5-8250U` लिहिलं होतं. आडव्या रेघेनंतरचा ८ म्हणजे इंटेलची आठवी पिढी, आणि विंडोज ११ साधारण तिथूनच चालतं. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. हाच लॅपटॉप `i5-7200U` चा, म्हणजे सातव्या पिढीचा असता, तर सगळे भाग ठणठणीत असूनही विंडोजच्या सुरक्षा अपडेटपुरतं त्याचं आयुष्य संपत आलेलं असतं. अशा मशीनवर लिनक्स मिंट टाकून काम भागत असेल तरच पैसे घालावेत. शिकवण्यांचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालत असेल तर घालू नयेत.

बहिणीच्या लॅपटॉपचा मदरबोर्ड, स्क्रीन, कीबोर्ड शाबूत होते. जे दोन भाग बिघडले तेच दोन नवे येणार होते. पंचवीस महिन्यांची अट मला सोपी वाटली. तीन वर्षं चालला तर वर्षाला ४,८०० पडतील.

हाच भागाकार नको म्हणूनही सांगतो. तिच्याच शेजारणीच्या लॅपटॉपवर चहा सांडला होता. मदरबोर्डच्या दुरुस्तीचे ९,५०० सांगितले होते आणि बंद मशीनचे ३,००० आले असते. एकूण १२,५००, म्हणजे एकवीस-बावीस महिने चालायला हवा. दुकानदार हमी देत होता तीन महिन्यांची. साखरेचा चहा चिपांच्या खाली शिरला की गंज नंतरही चढत राहतो, आज सुरू झालेला बोर्ड सहा महिन्यांनी पुन्हा बसतो. मी त्यांना नवा घ्यायला सांगितलं.

मोबाइलच्या बाबतीत उरलेली वर्षं काचेपेक्षा सुरक्षा अपडेट ठरवतात. सेटिंग्जमध्ये `About phone` उघडून शेवटच्या सुरक्षा अपडेटची तारीख पाहा. ती वर्षभर जुनी असेल आणि त्याच फोनवरून तुम्ही यूपीआय व बँक वापरत असाल, तर ६,५०० रुपयांचा डिस्प्ले घालून दोन वर्षं मिळतील असं धरू नका. बॅटरीची गोष्ट वेगळी. अपडेट येत असलेल्या फोनला नवी बॅटरी घालणं बहुतेकदा हिशोबात बसतं. नवा फोन घेतानाही वर्षं मोजायची ती मॉडेल बाजारात आल्यापासून. गूगलने २०२३ मधल्या पिक्सेल ८ ला सात वर्षांची अपडेट जाहीर केली, पण तो फोन दोन वर्षांनी घेणाऱ्याच्या वाट्याला पाचच येतात.

इथले भाव आमच्या वेळचे आहेत. तुम्ही दोन दुकानांत दुरुस्तीचा खर्च लेखी घ्या, जुन्याला आज काय येईल ते विचारा आणि तुमच्या आकड्यांनी भागा. बहिणीचा लॅपटॉप आता पाऊण मिनिटात सुरू होतो. बॅटरीच्या बिलामागे तिने पंचवीस महिन्यांनंतरची तारीख लिहून ठेवली आहे.