पोस्ट गेली खरी, पण दिसली का?

ठरलेल्या वेळी पोस्ट टाकून देणारी शेड्यूलिंगची साधनं एका बाबतीत फार आत्मविश्वासाने बोलतात. सातची पोस्ट सातला गेली, समोरच्या सर्व्हरने ती घेतली, तिला क्रमांक दिला, पानाचा पत्ता परत पाठवला. साधन हिरवी खूण दाखवून मोकळं होतं. यातलं काहीच खोटं नसतं. पण पोस्ट स्वीकारणं आणि ती लोकांना दाखवणं ही दोन वेगळी कामं आहेत. दुसरं काम झालं नाही, तरी पहिल्याची पावती कोणी परत मागत नाही.

हे कसं घडतं आणि कसं ओळखायचं, हे समजून घ्यायला रेडिट सगळ्यात सोयीचं. तिथली पोस्ट एखाद्या समुदायात टाकली जाते. त्या समुदायाला स्वतःचे मॉडरेटर असतात, आणि त्यांच्या दिमतीला ऑटोमॉडरेटर नावाचा यांत्रिक पहारेकरी असतो. पाहिजे ते नियम मॉडरेटर त्याला लिहून देतात: खातं सात दिवसांपेक्षा नवं असेल तर पोस्ट अडव, खात्याचे गुण अमुक इतक्यांपेक्षा कमी असतील तर अडव, लिंक अमुक साइटची असेल तर अडव. त्याखेरीज रेडिटची स्वतःची स्पॅमची चाळणी वेगळी आहेच. अडवलं की पोस्ट टाकणाऱ्याला कळवायचंच असं बंधन ऑटोमॉडरेटरवर नाही. तसा नियम लिहिला असेल तर तो निरोप पाठवतो, नाहीतर गप्प राहतो.

ही गुप्तता निव्वळ उद्धटपणातून आलेली नाही. जाहिरातबाजाला ‘तुझी पोस्ट या कारणाने काढली’ असं सांगितलं, तर पाच मिनिटांत तो शब्द बदलून परत येतो. न सांगितलं, तर रिकाम्या सभागृहात बोलत राहतो. एकेकाळी रेडिट अख्खी खातीच अशी अदृश्य करत असे. २०१५च्या शेवटी खऱ्या माणसांसाठी उघडपणे कळवून निलंबन करण्याची पद्धत आली, आणि अदृश्य करण्याचं शस्त्र मुख्यतः स्पॅमवाल्यांसाठी राखून ठेवलं गेलं. अडचण एवढीच की नवं खातं, ओळीने एकसारख्या पोस्ट आणि घड्याळ लावल्यासारखी वेळ या खुणा स्पॅमवाल्याच्या असतात, तशा प्रामाणिक शेड्यूलिंग करणाऱ्याच्याही असतात.

एक उदाहरण घेऊ. समजा, पुण्यातल्या एका हौशी नाट्यसंस्थेने एकांकिकांचा प्रयोग लावला आहे. संस्थेची एक कार्यकर्ती नव्या खात्यावरून शहराच्या रेडिट समुदायात गुरुवारी संध्याकाळी सातची पोस्ट लावून ठेवते. मजकुरात तिकिटांची लिंक आहे, आणि ती लांबलचक म्हणून लघुरूप करणाऱ्या सेवेतून छोटी करून घेतली आहे. शुक्रवारी सकाळी पोस्टवर एक मत आणि शून्य प्रतिक्रिया. ते एक मतही तिचंच, कारण रेडिट आपल्या पोस्टला आपलं मत आपोआप धरतं.

एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. एकांकिकांच्या पोस्टकडे लोकांनी दुर्लक्ष केलं, असंही असू शकतं. नाटकवाल्यांना याची सवय असते. म्हणून प्रतिसादाच्या आकड्यांवरून पोस्ट दाबली गेली असा निष्कर्ष काढणारी सगळी गणितं मला कच्ची वाटतात. पोस्ट दिसते की नाही हे थेट पाहायचं, आणि ते परक्याच्या डोळ्यांनी पाहायचं.

परक्याच्या डोळ्यांनी म्हणजे काय, इथेच बहुतेकांची गल्लत होते. आपल्या खात्यातून पान उघडलं तर आपला मजकूर शाबूतच दिसतो. कधी वर ‘पोस्ट काढली आहे’ अशी पट्टी असते, पण शेड्यूल करून विसरणारा माणूस ते पान उघडतोच कशाला? प्रतिक्रिया काढली असेल तर तेवढीही सूचना नसते; लिहिणाऱ्याला ती पहिल्यासारखीच दिसत राहते. पोस्ट ज्या परवान्याने पाठवली त्याच परवान्याने तपासणारा प्रोग्रॅमही याच सापळ्यात अडकतो, कारण रेडिटच्या लेखी तोही लेखकच. त्या समुदायाच्या मॉडरेटर मित्राचं खातंही चालणार नाही, कारण मॉडरेटरला काढलेला मजकूरही वाचता येतो. तेव्हा एक तर लॉगिन न करता खासगी विंडोतून बघायचं, किंवा या समुदायाशी काहीही संबंध नसलेल्या दुसऱ्या खात्यातून.

तिथेही नुसतं ‘पान उघडलं’ हे पुरेसं नाही. काढलेल्या पोस्टचं पान थेट पत्त्यावर गेल्यास उघडतं, शीर्षकही सहसा जागेवर असतं. फक्त मजकुराच्या जागी `[removed]` येतं. म्हणजे पान सापडलं की नाही एवढंच विचारणारी तपासणी अशा पोस्टला खुशाल पास करते. आतला मजकूर वाचायला हवा. रेडिटवर पोस्टच्या पत्त्याला `.json` जोडलं की त्याच पानाची यंत्राला वाचता येईल अशी प्रत मिळते. आपल्या नाट्यसंस्थेच्या पोस्टच्या प्रतीत या तीन ओळी सापडल्या असं धरू:

```
"selftext": "[removed]",
"removed_by_category": "automod_filtered",
"is_robot_indexable": false
```

पहिली ओळ सांगते की बाहेरच्याला मजकूर दिसत नाही. लेखकाने स्वतः पुसला असता तर इथे `[deleted]` आलं असतं. दुसरी ओळ सगळ्यात मोलाची, कारण ती कोणी काढलं ते सांगते. जिवंत पोस्टमध्ये तिथे `null` असतं. `moderator` म्हणजे समुदायाच्या मॉडरेटरांच्या बाजूने काढली, `reddit` म्हणजे कंपनीच्या स्पॅमच्या चाळणीने, आणि इथे आहे ते ऑटोमॉडरेटरने अडवून मॉडरेटरच्या नजरेखालून जाण्यासाठी ठेवल्याचं चिन्ह. तिसरी ओळ सर्च इंजिनांना ‘हे पान नोंदवू नका’ असं सांगते. पोस्टमध्ये नुसतं चित्र किंवा लिंक असेल, तर मजकुराची जागा मुळातच रिकामी असते, तेव्हा उरलेल्या दोन ओळींवर भिस्त ठेवावी लागते.

आता दुसरा पुरावा, जो मला पहिल्यापेक्षाही आवडतो, कारण तो आतल्या कुठल्याही खुणेवर अवलंबून नाही. समुदायाची ‘नव्या पोस्ट’ ही यादी काळानुसार लागते. तिथे लोकप्रियतेचा संबंध नाही. ती लॉगिन न करता उघडायची आणि शेजारी शोधायचे. सहा वाजून बावन्न मिनिटांची कोणाची तरी पोस्ट आहे, सात वाजून नऊ मिनिटांची आहे, आणि मधली सातची नाही. दोन्ही बाजूंचे शेजारी हजर आणि आपण गायब, तर पोस्ट यादीतून काढली आहे. शेजारी न बघता नुसतं ‘पहिल्या पानावर नाही’ म्हटलं तर फसगत होते. गजबजलेल्या समुदायात सकाळपर्यंत आपली पोस्ट आपोआपच खाली सरकलेली असते.

तपासायचं कधी, यालाही महत्त्व आहे. चाळणी आणि ऑटोमॉडरेटर सेकंदांत काम उरकतात, म्हणून पाचेक मिनिटांनी पहिली फेरी. माणूस-मॉडरेटर स्वयंसेवक असतो, त्याला वेळ मिळेल तेव्हा तो बघतो. कोणी तक्रार केली तर पोस्ट दुसऱ्या दिवशीही जाऊ शकते. म्हणून तासाभराने एक आणि चोवीस तासांनी एक फेरी मारावी. नाट्यसंस्थेची पोस्ट सात वाजून पाच मिनिटांनी गायब असेल, तर दोष यंत्राचा. सातला दिसत होती आणि सकाळी नाही, तर माणसाचा हात आहे असं समजायला जागा आहे. उलटही घडतं: अडवलेली पोस्ट मॉडरेटर रात्री मंजूर करतो आणि सकाळी ती सगळ्यांना दिसते.

नोंद ठेवताना ‘दिसते’ आणि ‘दिसत नाही’ यांच्या जोडीला ‘तपासता आलं नाही’ असा तिसरा रकाना हवाच. २०२३पासून रेडिटने बाहेरच्या प्रोग्रॅमवर बरीच बंधनं घातली आहेत. लॉगिन नसलेल्या यंत्राला पुष्कळदा ४०३ किंवा ४२९ असं उत्तर मिळतं. पहिल्याचा अर्थ ‘तुला परवानगी नाही’, दुसऱ्याचा ‘फार वेळा विचारतोयस’. दोन्ही उत्तरं विचारणाऱ्याबद्दल आहेत, पोस्टबद्दल त्यांत काही नाही. ती ‘काढली’ म्हणून नोंदवली की सगळा तक्ता निकामी होतो.

पोस्ट अडवल्याचं कळल्यावर तीच परत टाकायचा मोह होतो, आणि तो नेमका घातक असतो. एकच मजकूर पुन्हा पुन्हा येणं हीच स्पॅमची ओळख. आपल्या कार्यकर्तीने मॉडरेटरांना एकदा निरोप पाठवावा: अमुक पोस्ट, अमुक वेळची, अडकलेली दिसते, लघुरूप लिंकऐवजी मूळ पत्ता देऊ का? लिंक छोटी करणाऱ्या सेवांकडे रेडिटची चाळणी आधीपासूनच संशयाने बघते. मात्र लॉगिन न करता खात्याचं पानच सापडत नसेल आणि त्याच्या सगळ्याच पोस्ट गायब असतील, तर अख्खं खातंच अदृश्य झालेलं आहे. ती दाद रेडिटकडे, `reddit.com/appeals` या पत्त्यावर मागावी लागते.

इतर ठिकाणी इतकं सरळ नाही. एक्सवर लॉगिन न करता एखाद्याच्या पोस्ट काळानुसार बघता येत नाहीत, त्यामुळे शेजाऱ्यांची युक्ती चालत नाही. तिथे दुसऱ्या खात्यातून `from:` पुढे आपलं नाव लिहून शोध घ्यायचा आणि पोस्ट येते का बघायचं. पोस्ट पत्त्यावर उघडते पण शोधात येत नाही, तर काढलेली नाही, मर्यादित केलेली असण्याची शक्यता आहे. शक्यताच म्हणायचं, कारण शोधही अधूनमधून पोस्ट गाळतो. इन्स्टाग्रामने निदान ‘अकाउंट स्टेटस’मध्ये, आपला मजकूर अनोळखी लोकांना सुचवला जाऊ शकतो की नाही, हे सांगायला सुरुवात केली आहे. युरोपात तर असं कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. खातं शोधात दिसेनासं झाल्यावर डॅनी मेकिच यांनी एक्सविरुद्ध दावा लावला, आणि जुलै २०२४मध्ये अॅमस्टरडॅमच्या न्यायालयाने कारण नीट न कळवल्याबद्दल कंपनीला दोषी धरलं.

भारतात आणखी एक पेच आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६९अ कलमाखाली सरकारने मजकूर रोखायला सांगितलं, तर तो पुष्कळदा फक्त भारतातच दिसेनासा होतो. त्यामुळे पुण्यातल्या खासगी विंडोतून केलेली तपासणी अर्धीच ठरते. तोच पत्ता दुबईतल्या मावसभावाला किंवा न्यू जर्सीतल्या मैत्रिणीला पाठवून, त्याच वेळी उघडायला सांगावा आणि दोघांनी स्क्रीनचा फोटो काढून ठेवावा. तिकडे दिसली आणि इकडे नाही, तर मॉडरेटरला लिहिण्यात अर्थ नाही. अशा आदेशांबाबत गोपनीयता पाळावी असं २००९च्या नियमांतच म्हटलेलं आहे, त्यामुळे कारण विचारायचा रस्ता बहुधा वकिलाच्या दारातून जातो.