सव्वातीन लाख भरले, उतरले छप्पन्न हजार

माझ्या भाचीने गेल्या वर्षी फ्लॅट घेतला. कर्ज 30 लाखांचं, व्याजदर 9 टक्के, मुदत 20 वर्षं, हप्ता 26,992 रुपये. वर्ष पूर्ण झाल्यावर बँकेचा उतारा हातात आला आणि ती तडक माझ्याकडे. "मामा, हे बघा. वर्षभरात सव्वातीन लाख भरलेत मी, आणि कर्ज उतरलंय फक्त छप्पन्न हजारांनी. ऑफिसातले म्हणतात, बँक आधी आपलं सगळं व्याज काढून घेते आणि मग मुद्दलाला हात लावते. खरंय का?"

हा समज इतका रुजलेला आहे की बँकेत नोकरी केलेली माणसंही कधी कधी तेच सांगतात. मी तिला कर्जाच्या कागदांमधला परतफेडीचा तक्ता काढायला लावला. 240 ओळी, प्रत्येक ओळीत हप्ता, त्यातलं व्याज, त्यातलं मुद्दल आणि शेवटी शिल्लक. घर घेताना हे कागद सही करून फाईलमध्ये जातात आणि बहुतेकांच्या बाबतीत तिथेच राहतात.

पहिली ओळ घेऊ. 30 लाखांवर 9 टक्के म्हणजे वर्षाला 2 लाख 70 हजार. त्याचा बारावा भाग, म्हणजे पहिल्या महिन्याचं व्याज, 22,500 रुपये. हप्ता 26,992 चा. त्यातून व्याज वळतं केलं की उरतात 4,492. एवढंच मुद्दल फिटलं. शिल्लक 29,95,508.

आता दुसरी ओळ. व्याज आता 30 लाखांवर नाही, 29,95,508 वर लागणार. ते येतं 22,466. हप्ता तोच, म्हणून मुद्दलाला मिळाले 4,526. पहिल्या महिन्यापेक्षा 34 रुपये जास्त. हे 34 कुठून आले? मागच्या महिन्यात फिटलेल्या 4,492 रुपयांवर या महिन्यात व्याज द्यावं लागलं नाही, ते वाचलेलं व्याज मुद्दलाच्या बाजूला सरकलं. तिसऱ्या ओळीतही हेच, आणि पुढे 240 ओळींपर्यंत हेच. प्रत्येक ओळ फक्त वरच्या ओळीतल्या शिलकीतून तयार होते. त्या महिन्यात जेवढं कर्ज वापरलं तेवढ्याचंच व्याज, एक रुपयाही पुढचा नाही. बँक व्याज आधी काढून घेत नाही. सुरुवातीला कर्ज मोठं असतं, म्हणून व्याज मोठं असतं.

भाचीचं समाधान झालं नाही. "पण मग इतकं हळू का?"

हळू होतं ते हप्ता समान ठेवल्यामुळे. समजा, दर महिन्याला मुद्दल समान फेडायचं असं ठरवलं असतं. 30 लाख भागिले 240, म्हणजे महिन्याला 12,500 मुद्दल आणि वर त्या महिन्याचं व्याज. पहिला हप्ता झाला असता 35,000 रुपयांचा आणि शेवटचा 12,594 चा. अशा परतफेडीत 20 वर्षांचं एकूण व्याज होतं साधारण 27 लाख 11 हजार. समान हप्त्यात तेच होतं 34 लाख 78 हजार. मधले पावणेआठ लाख ही सुरुवातीचा हप्ता आठ हजारांनी कमी ठेवल्याची किंमत. नवीन संसारात, पगार अजून वाढायचा असताना, 35,000 चा हप्ता तिला झेपला नसता, आणि तेवढा हप्ता पगारात बसत नाही म्हणून बँकेने इतकं कर्ज मंजूरही केलं नसतं. त्यामुळे तिने निवडलं ते चुकीचं नव्हतं. फक्त किंमत काय आहे हे त्या वेळी कोणी तक्ता उघडून दाखवलं नाही.

तक्ता वरून खाली नजरेने उतरत गेलं की ही किंमत दिसते. पाच वर्षांनी भाचीने 16 लाखांहून जास्त रक्कम भरलेली असेल आणि शिल्लक असेल 26 लाख 61 हजार. दहा वर्षांनी, निम्मी मुदत संपल्यावर, 21 लाख 31 हजार अजून बाकी. हप्त्यात मुद्दल व्याजापेक्षा जास्त पहिल्यांदा होतं ते 149 व्या हप्त्याला, म्हणजे बारा वर्षं पाच महिन्यांनी. आणि कर्ज निम्म्यावर यायला लागतात 14 वर्षं. मग उरलेलं निम्मं कर्ज सहा वर्षांत फिटतं, कारण तोवर निम्म्याहून जास्त हप्ता मुद्दलाकडे जायला लागलेला असतो आणि हा वाटा दर महिन्याला वाढत जातो. अगदी शेवटच्या हप्त्यात व्याज 201 रुपयांच्या आसपास असतं.

म्हणूनच कर्ज काढून सहा-सात वर्षांनी घर विकायला निघालेल्या माणसाला बँकेने सांगितलेली बाकी ऐकून धक्का बसतो. त्याच्या मनात हिशोब असतो, मुदतीचा एक-तृतीयांश भाग संपला म्हणजे एक-तृतीयांश कर्ज फिटलं. तक्त्यात शिलकीचा रकाना शेवटी असतो, पण वाचायला सुरुवात त्याच्यापासूनच करावी.

आता भाचीचा खरा प्रश्न. तिला बोनसचे एक लाख मिळाले होते. ते कर्जात भरावेत की नको?

याचं उत्तर देण्यासाठी मी तिला तक्त्यातच बोट ठेवायला लावलं. बारा हप्त्यांनंतर शिल्लक 29,43,816. त्यातून एक लाख वजा केले की 28,43,816. हा आकडा जुन्या तक्त्यात कुठे येतो ते शोध म्हटलं. ती खाली खाली गेली आणि 31 व्या ओळीवर थांबली. तिथे शिल्लक होती 28,43,884. जवळजवळ तोच आकडा. म्हणजे एक लाख भरून ती तेराव्या ओळीवरून थेट बत्तिसाव्या ओळीवर उडी मारते. मधल्या 19 ओळी गळून पडतात. त्या 19 ओळींमधलं मुद्दल साधारण एक लाख, ते तिने एकदम भरलं. पण त्याच ओळींमधलं व्याज होतं 4,12,916 रुपये, आणि ते आता कधीच भरायचं नाही.

हाच एक लाख पंधराव्या वर्षाच्या शेवटी भरला तर? तिथे प्रत्येक ओळीत मुद्दल सव्वासतरा हजारांच्या आसपास आहे. एक लाखात जेमतेम पावणेसहा ओळी गळतात आणि वाचतात सुमारे 54 हजार. रक्कम तीच, दर तोच. आधी भरलेला पैसा जास्त वर्षं काम करतो, इतकाच फरक. पण चार लाख वाचले म्हणून उड्या मारण्याआधी एवढं लक्षात घ्यावं की ती बचत कर्जाच्या शेवटी येते, 19 हप्ते आधी मोकळं होण्याच्या रूपात. हातात आणीबाणीचे पैसे नसतील तर हा लाख बँकेतच ठेवलेला बरा. एकदा कर्जात गेलेला पैसा सहजासहजी परत मिळत नाही.

एक गोष्ट मात्र लेखी सांगावी लागते. भरलेली रक्कम मुद्दलातून वजा करा आणि हप्ता तोच ठेवून मुदत कमी करा. न सांगता खात्यात नुसते पैसे टाकले तर ते पुढच्या हप्त्यांसाठी जमा म्हणून बाजूला पडून राहू शकतात, किंवा मुदत तशीच ठेवून हप्ता थोडा कमी केला जातो. त्या दुसऱ्या प्रकारात व्याज बरंच कमी वाचतं. तरत्या व्याजदराच्या गृहकर्जावर व्यक्तीकडून मुदतीआधी फेडल्याचा दंड घ्यायला रिझर्व्ह बँकेने बँकांना 2012 पासून मनाई केली आहे, त्यामुळे दंडाची भीती नको.

तक्ता बरोबर आहे का हे तपासायला एकच गुणाकार पुरतो. वरच्या ओळीतली शिलकीची रक्कम गुणिले व्याजदर, भागिले बारा. संगणकावर पडताळायचं असेल तर एक्सेलमध्ये हप्ता आणि पहिल्या महिन्याचं व्याज असं मिळतं:

```
=PMT(9%/12,240,-3000000)
=IPMT(9%/12,1,240,-3000000)
```

काही बँका व्याज दिवसांवर मोजतात. मग 30 लाखांवर 31 दिवसांच्या महिन्याचं व्याज 22,932 येतं आणि 28 दिवसांच्या फेब्रुवारीचं 20,712. ही चूक नव्हे. वर्षाची बेरीज मात्र जुळायला हवी.

तक्ता खरा बिघडतो तो दर बदलला की. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर 4 टक्क्यांवरून साडेसहावर नेला. त्याआधी 7 टक्क्यांनी 20 वर्षांसाठी 30 लाख घेतलेल्या माणसाचा हप्ता होता 23,259. वर्षभराने त्याची शिल्लक साडेएकोणतीस लाखांच्या वरच होती आणि दर झाला साडेनऊ. साडेएकोणतीस लाख धरले तरी एका महिन्याचं व्याज होतं 23,354. हप्त्यापेक्षा 95 रुपये जास्त! हप्ता तोच ठेवला तर मुद्दल फिटायचं सोडून दर महिन्याला वाढणार आणि तक्त्याला शेवटची ओळच नाही. त्या काळात अनेकांनी हप्ता वाढला नाही म्हणून सुटकेचा श्वास सोडला, आणि मुदत कुठवर ताणली गेली ते कित्येक महिने पाहिलंच नाही.

ऑगस्ट 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेने यावर नियम केले. दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही, हे कर्जदाराला विचारायचं. मुदत वाढवताना हप्त्यातून व्याजही भागत नाही अशी वेळ येऊ द्यायची नाही. आणि दर तिमाहीला एक विवरण द्यायचं, त्यात आतापर्यंत किती मुद्दल आणि किती व्याज वसूल झालं, हप्ता किती, किती हप्ते उरले आणि दर काय, हे असायला हवं. 1 ऑक्टोबर 2024 पासून नव्या किरकोळ कर्जाच्या वेळी परतफेडीचा तक्ता मुख्य माहितीपत्रकासोबत आणि कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यावा लागतो. म्हणजे मराठीत मागता येतो.

भाचीने एक लाखाचा चेक आणि सोबत अर्ज दिला. पंधरा दिवसांनी नवा तक्ता आला. तेराव्या ओळीत आधी 22,079 व्याज आणि 4,913 मुद्दल होतं. आता 21,329 आणि 5,663. तिने फोन करून आकडे वाचून दाखवले, मग म्हणाली, "मामा, शेवटच्या ओळीचा क्रमांक 221 आहे. मी मोजला."